आधी चाळणी, मग प्रमाण

सक्युलंटच्या कुंडीत काय भरायचं, असं कुणालाही विचारा, उत्तरात प्रमाण येतं. तिन्ही जिन्नस सारखे घ्या, असं कुणी सांगतं. वाळू दोन भाग, पर्लाइट एक, माती एक, असं दुसरं कुणी सांगतं. यातलं कुठलंच तसं चुकीचं नाही. तरीही एकाच प्रमाणाने भरलेल्या दोन घरच्या कुंड्या पावसाळ्यात वेगवेगळ्या वागतात. एका घरातला एचेव्हेरिया सप्टेंबरपर्यंत टवटवीत राहतो, दुसऱ्या घरातल्याची खालची पानं जुलैतच पिवळट, पाणीदार होऊन हात लावताच गळून पडतात. दोघांनी मापं तीच घेतलेली असतात. फरक असतो तो वाळूच्या दाण्यात, आणि मातीचं मिश्रण करताना सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच जातं.

या झाडांच्या मुळांना पाण्याचं वावडं नाही. निवडुंगाच्या मूळ मुलखातही पाऊस पडतो, कधीकधी धो धो पडतो. पण तिथली जमीन खडेमिश्रित असते आणि पाणी मुळांपाशी थांबत नाही. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो आणि तो त्यांना दाण्यांच्या मधल्या फटींतल्या हवेतून मिळतो. त्या फटी पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट जवळजवळ बंद होते, कारण हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. तगर किंवा जास्वंदीसारखं झाड कुंडीतलं पाणी दिवसभर ओढून घेतं आणि फटी पुन्हा मोकळ्या करतं. सक्युलंट तसं करत नाही. त्यातली बहुतेक झाडं पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फार हळू खर्च होतं. म्हणजे कुंडी कोरडी करण्याचं काम झाड करणार नसतं, ते मातीलाच करावं लागतं. पाणी घातल्यावर लगेच हवा आत शिरेल इतक्या मोठ्या फटी मिश्रणात असणं, हीच सगळी गोष्ट.

आता घरात काय होतं ते पाहू. शेजारी बांधकाम चालू असतं, तिथून दोन घमेली वाळू आणली जाते. पूर्वी ती नदीची असायची, आता बहुतेक ठिकाणी खडी क्रशरवर दगड दळून केलेली क्रश सँड मिळते. आपल्याकडे ती काळ्या बेसॉल्टची असते. या वाळूत रव्यासारखे दाणे असतात, त्याहून बारीक असतात आणि पिठासारखी दगडाची भुकटीही असते. बांधकामाला ती तशीच हवी असते. मोठ्या दाण्यांच्या मधल्या जागेत मध्यम दाणे बसावेत, त्यांच्या मधल्या जागेत बारीक, आणि उरलेल्या फटी सिमेंटने भराव्यात, म्हणजे काँक्रीट पक्कं होतं. फट राहू नये याच हेतूने तो माल निवडलेला असतो. आपल्याला फट राहायला हवी आहे. तीच वाळू न चाळता मातीत मिसळली, तर आपण कुंडीत बिनसिमेंटचं काँक्रीट भरत असतो.

म्हणून पहिलं साधन म्हणजे चाळणी. खिडकीला लावतात त्या डासांच्या जाळीचा एक तुकडा लाकडी चौकटीवर ताणून ठोकला की उत्तम चाळणी तयार होते. तिची भोकं साधारण एक ते दीड मिलिमीटरची असतात. वाळू त्यावर चाळायची आणि खाली पडेल ते बाजूला ठेवायचं. जाळीवर उरते ती आपली वाळू. त्यातले तूरडाळीपेक्षा मोठे खडे हाताने वेचून काढले की मोहरीपासून तूरडाळीपर्यंतच्या आकाराचे दाणे हाती राहतात. बांधकामाच्या वाळूतला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग जाळीतून खाली जातो, त्यामुळे तीन लिटर भरड वाळू हवी असेल तर सात-आठ लिटर कच्ची वाळू चाळायची तयारी ठेवावी. इथे जीव हळहळतो आणि माणूस जाड भोकांऐवजी पिठाची चाळणी घेतो. मग सगळी मेहनत वाया जाते, कारण पिठाच्या चाळणीवर मध्यम आणि बारीक रेतीही अडून राहते.

चाळलेली वाळू बादलीत घेऊन धुवायची. पहिलं पाणी राखाडी किंवा तांबूस निघतं. ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं. पाण्यातून तळाचे दाणे स्पष्ट दिसू लागेपर्यंत हे करायचं, बहुधा चार-पाच पाण्यांत काम होतं. हे पाणी मोरीत ओतू नये, गाळ बसून नळी तुंबते. अंगणात किंवा मोठ्या झाडाच्या आळ्यात ओतावं.

समुद्रकिनाऱ्याची वाळू मात्र घेऊ नये. तिच्यात मीठ असतं, ते धुऊन काढता येतं असं लोक म्हणतात आणि भरपूर गोड्या पाण्याने ते बरंचसं जातंही. पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो धुऊन जात नाही. शिंपला म्हणजे चुनाच. तो हळूहळू विरघळतो आणि माती अल्कधर्मी करत राहतो, त्यामुळे लोहासारखी द्रव्यं मुळांना घेता येत नाहीत आणि नवी पानं फिकट निघतात. वाळू कुठली आहे याची शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावं. फेस आला तर चुना आहे. शिवाय किनाऱ्याचे दाणे बहुधा बारीक आणि एकाच मापाचे असतात, म्हणजे आपल्या चाळणीवर त्यातलं फारसं काही उरणारही नाही.

दुसरा जिन्नस पर्लाइट. हा मूळचा ज्वालामुखीच्या काचेचा दगड. त्याच्या आत थोडं पाणी अडकलेलं असतं. दगड फोडून साडेआठशे-नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की काच मऊ होते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा अनेक पटींनी फुगून पांढरा, हलका होतो. तो कुजत नाही, आम्ल-अल्काच्या बाबतीत उदासीन असतो आणि त्याच्यात अन्नद्रव्य म्हणावं असं काही नसतं. बरेच जण समजतात की तो पाणी शोषून धरतो. दाण्याच्या आतल्या बऱ्याचशा पोकळ्या बंद असतात, त्यामुळे पाणी राहतं ते मुख्यतः त्याच्या खडबडीत अंगावर. म्हणजे थोडा ओलावा आणि भरपूर हवा, असं त्याचं काम आहे.

पर्लाइट घेताना पिशवी पारदर्शक असेल तर तळ पाहावा. तळाशी पांढरं पीठ साचलेलं दिसलं तर माल वाहतुकीत चुरडलेला आहे. तीन ते सहा मिलिमीटरचा जाड पर्लाइट मागावा. पिशवी उघडण्याआधी आत पेलाभर पाणी शिंपडून हलवावं, कारण ही भुकटी नाकाघशात जाते आणि खोकला येतो. तोंडाला मास्क बांधलेला बरा. ओला पर्लाइट त्याच डासांच्या जाळीवर पाणी सोडत चाळला की पीठ वाहून जातं. तो चुरडतो सहज, म्हणून पुढे मिश्रण करताना किंवा कुंडीत भरताना मुठीने दाबायचं नाही.

नुसती वाळू किंवा नुसता पर्लाइट घेतला तर काय बिघडलं, हा प्रश्न रास्त आहे. एक लिटर वाळू दीड किलोच्या वर भरते, एक लिटर पर्लाइट शंभर ग्रॅमच्या आसपास. नुसत्या वाळूच्या वीस कुंड्या गच्चीच्या कठड्यावर ठेवल्या तर तो भार आहे आणि कुंडी उचलताना कंबरेलाही तो कळतो. नुसत्या पर्लाइटमध्ये लावलेला उभा निवडुंग पहिल्या वाऱ्यात आडवा होतो, आणि प्रत्येक पाण्याबरोबर पर्लाइट वर तरंगत येतो. वाळू वजन देते, पर्लाइट हलकेपणा देतो. दोघं मिळून सांगाडा उभा करतात.

आता माती. वाळू आणि पर्लाइट अन्नद्रव्यं धरून ठेवू शकत नाहीत, घातलेलं खत पाण्याबरोबर तळातून निघून जातं. ते धरायचं काम मातीतली चिकणमाती करते, म्हणून तिला मिश्रणात जागा आहे. पण कुठली माती, हे महत्त्वाचं. दख्खनवरची काळी कापसाची माती या कामाला फार अडचणीची. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात, म्हणून उन्हाळ्यात त्या शेतात भेगा पडतात. कुंडीत ती ओली असताना फटी बुजवते आणि वाळताना कुंडीच्या कडेपासून सुटते. मग पुढच्या वेळी घातलेलं पाणी कडेच्या भेगेतून थेट तळाला जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. त्यापेक्षा तांबडी माती, डोंगरउतारावरची मुरमाड माती किंवा कोकणातली जांभ्याची माती चांगली.

हातातली माती कशी आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती ओली करून तळहातावर वळून पाहावी. पेन्सिलीएवढी वळी होऊन ती वाकवली तरी तुटत नसेल तर चिकणमाती फार आहे. वळी होता होता तुटत असेल तर कामाची आहे. जरा निवांतपणा असेल तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवावं आणि बरणी ठेवून द्यावी. मिनिटभरात वाळू तळाशी बसते, दोन-तीन तासांत तिच्यावर गाळाचा थर येतो आणि चिकणमाती बसायला दिवसभर किंवा जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी थरांची जाडी पट्टीने मोजता येते. सगळ्यात वरचा थर एकूण जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरला तर ती माती निम्म्याने कमी घ्यावी. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर चिकणमाती अजून बसायची आहे असं समजून आणखी थांबावं.

आणि हीच ती जागा आहे जिथे सदिच्छेने केलेलं काम उलटतं. माती चिकट आहे, मग थोडी वाळू टाकून ती मोकळी करू, असा विचार आपण करतो. चार भाग मातीत एक भाग वाळू टाकली की वाळूचे दाणे एकमेकांना लागत नाहीत, शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे ते चिकणमातीत विखुरलेले राहतात. दाण्यांच्या मध्ये फट नसतेच, तिथे माती असते. उलट आधी जिथे थोडी सच्छिद्र माती होती तिथे आता भरीव दगड आला, म्हणजे हवेची जागा कमीच झाली. वाळूचा उपयोग सुरू होतो तो दाणा दाण्याला टेकायला लागल्यावर. ते किती प्रमाणाला होतं याचा अंदाज घरी येऊ शकतो. एक लिटरच्या मापात चाळलेली भरड वाळू काठोकाठ भरा आणि वाळूच्या पृष्ठभागाला टेकेपर्यंत पाणी ओतत राहा. साधारण साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी मावतं. तेवढीच त्या वाळूतली पोकळी. या पोकळीपेक्षा जास्त माती घातली की ती सगळ्या फटी भरून दाण्यांना एकमेकांपासून दूर ढकलायला लागते. म्हणून मातीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये आणि चौथा हिस्सा सुरक्षित, हे प्रमाण कुणाच्या मनाला आलं म्हणून ठरलेलं नाही. मात्र वाळू न चाळलेली असेल तर ती पोकळी आधीच तिच्या स्वतःच्या भुकटीने भरलेली असते आणि मग दोनास एकास एक हे प्रमाण कागदावरच राहतं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली पूर्वेकडची बाल्कनी, सकाळचं चार तास ऊन, पावसाळ्यात वाऱ्याबरोबर सरी आत येतात. प्लास्टिकच्या सहा इंची तीन कुंड्या भरायच्या आहेत: एक एचेव्हेरिया, एक जेड, एक गोल निवडुंग. अशी एक कुंडी वर बोटभर जागा सोडून भरली की साधारण दीड लिटर लागते, म्हणजे तिघींना साडेचार लिटर. पण मोजताना सहा लिटर घ्यायचं: तीन लिटर धुतलेली भरड वाळू, दीड लिटर पर्लाइट, दीड लिटर चाळलेली तांबडी माती. घमेल्यात मिसळल्यावर ते सहा लिटर भरत नाही, पाच-सव्वापाचच्या आसपास बसतं, कारण माती फटींत शिरते. ही घट पाहून घाबरू नये, तिचा हिशेब आधीच धरलेला आहे. माप नेहमी डब्याने किंवा तांब्याने घ्यायचं, वजनाने नाही. एक किलो वाळूबरोबर एक किलो पर्लाइट घ्यायला गेलं तर पर्लाइटचं पोतं रिकामं होईल.

मिसळताना माती किंचित दमट असावी, म्हणजे धूळ उडत नाही आणि मातीचा पातळ थर प्रत्येक दाण्याला चिकटतो. कोरडी माती मिसळली तर ती पहिल्याच पाण्यात चाळणीतून पीठ पडावं तशी खाली उतरून तळाशी साचते. झाल्यावर मूठ वळून पाहावी. मूठ उघडताच लाडू न राहता ढासळलं पाहिजे. राहिलाच तर बोट लावताच फुटला पाहिजे.

मुठीची परीक्षा ढोबळ आहे. खरी परीक्षा पाण्याची, आणि ती झाड लावण्याआधी करून घ्यावी. कुंडीच्या तळाच्या भोकांना बाहेरून चिकटपट्टी लावायची, मिश्रण भरायचं, कुंडी जमिनीवर दोनदा हलकेच आपटायची. मग अगदी सावकाश पाणी ओतत राहायचं, पृष्ठभागावर ओलीची चमक दिसेपर्यंत. दहा मिनिटं थांबून आणखी थोडं ओतायचं, कारण आतली हवा हळू निघते. आता कुंडी पातेल्यावर धरून चिकटपट्टी काढायची आणि ठिबकणं थांबेपर्यंत निथळू द्यायचं. पातेल्यात आलेलं पाणी मोजायचं. जेवढं पाणी निघालं, तेवढी हवा आत शिरली. समजा दीड लिटरच्या कुंडीतून तीनशे मिलिलिटर निघालं, तर निथळल्यावरही पाचवा हिस्सा हवा आहे, सक्युलंटला हे चालतं. निवडुंगाला त्याहून थोडं जास्त असलेलं बरं. निघालं शंभरच मिलिलिटर, तर पंधरावा हिस्सा हवा आहे आणि त्या कुंडीत पावसाळा काढणं कठीण आहे. अशा वेळी आणखी माती घालून काही होणार नाही, आणि बारीक वाळूने तर नाहीच. एक लिटर पर्लाइट किंवा भरड वाळू घालून परीक्षा पुन्हा करायची.

ही परीक्षा त्याच कुंडीत करायची, कारण कुंडीची उंचीही हिशेबात येते. निथळून झाल्यावरही कुंडीच्या तळाशी काही इंच मिश्रण पाण्याने भरलेलं राहतं. किती इंच, हे फटींच्या आकारावर ठरतं. फटी बारीक तर पट्टा उंच, फटी मोठ्या तर पट्टा अगदी कमी. कुंडी उंच असो वा बुटकी, पट्टा तेवढाच राहतो. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की तसाच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागतं. आडवा असताना तो सगळाच त्या ओल्या पट्ट्यात होता. म्हणून बैठ्या ताटलीसारख्या कुंड्या, ज्या सक्युलंटसाठी सगळ्यात जास्त विकल्या जातात, त्यांच्यात मिश्रण आणखी भरड लागतं.

तळाशी खापऱ्या आणि खडी घालायची आपली जुनी सवय इथेच आड येते. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत लगेच उतरत नाही. वरचा थर पुरता भिजून भरल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. त्यामुळे जो ओला पट्टा कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो खडीच्या वर, मुळांच्या अधिक जवळ येऊन बसतो. भोकावर जाळीचा लहान तुकडा ठेवावा, माती वाहू नये एवढ्यापुरता. बाकी सगळी कुंडी एकाच मिश्रणाने भरावी. ही खडी उरली असेल तर तिचा थर वर, झाडाच्या बुंध्याभोवती द्यावा. तिथे ती खरंच उपयोगी पडते: पर्लाइट तरंगू देत नाही आणि खोडाची मान कोरडी ठेवते.

लागवड करताना एक काम टाळलं तर बाकी सगळं फुकट जातं. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांभोवती कोकोपीटचा गच्च गोळा असतो. नर्सरीला तो सोयीचा असतो, हलका असतो आणि तिथे पाणी रोज मोजून मिळतं. तो तसाच आपल्या भरड मिश्रणात ठेवला की बाहेरची वाळू दोन दिवसांत वाळते आणि आतला गोळा आठवडाभर ओला राहतो. बोटाने किंवा काडीने तपासावं तर कुंडी कोरडी, आणि मुळं मात्र चिखलात. उलट तो गोळा एकदा पुरता वाळला तर कोकोपीट पाणी आत घेत नाही, ते बाजूने निसटून जातं. म्हणून गोळा कोरडा करून बोटांनी भुगा करत काढावा, न निघालेला पाण्यात बुडवून धुवावा. थोडी मुळं तुटतात. झाड दोन-चार दिवस सावलीत उघडं ठेवलं की तुटलेल्या टोकांवर खपली धरते. मग मिश्रणात लावून आठवडाभर पाणी घालायचं नाही.

एवढं केल्यावरही काही बिघडलं तर ते कसं ओळखायचं? सुरकुतलेलं पान पाहिलं की झाडाला तहान लागली असं समजून पाणी घातलं जातं, आणि बरीच झाडं याच क्षणी मरतात. मुळं कुजली की पाणी वर जात नाही, त्यामुळे कुजलेल्या झाडाची पानंही सुरकुततात. भेद मातीत आहे. पानं सुरकुतलेली आणि मिश्रण कोरडं, तर तहान. पानं सुरकुतलेली आणि मिश्रण ओलं, तर मुळं गेली आहेत, झाड उपटून पाहावं. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतं, कुजलेल्या मुळाचं साल बोटाने ओढलं की निसटून येतं आणि आत दोऱ्यासारखा तंतू राहतो. खालची पानं काचेसारखी पारदर्शक होणं, निवडुंगाचा बुंधा जमिनीलगत मऊ आणि काळपट होणं, ही पुढची पायरी. तिथून वरचा निरोगी भाग कापून, वाळवून नव्याने रुजवणं एवढंच हाती राहतं. कुंडीची ओल पाहायला बोट फार खोल जात नाही, म्हणून स्वयंपाकघरातला काटा वापरावा. निथळल्यावरचं वजन चिठ्ठीवर लिहून कुंडीला चिकटवायचं. वजन उतरणं थांबलं की आतली ओल संपली.

प्रमाण गावागणिक थोडं बदलावं लागतं. मुंबई-रत्नागिरीकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की छताखालची कुंडीही वाळायला आठ-दहा दिवस घेते. तिथे माती सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणावी आणि पर्लाइट वाळूच्या बरोबरीने घ्यावा. नागपूर, चंद्रपूर, जळगाव इथल्या मे महिन्यात मिश्रण इतकं झपाट्याने वाळतं की लहान रोपांची मुळं करपतात. तिथे माती तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चालते आणि दुपारची सावली मिश्रणापेक्षा जास्त महत्त्वाची ठरते. मातीच्या कुंडीच्या भिंतींतूनही पाणी उडतं, म्हणून तिच्यात मातीचा वाटा प्लास्टिकपेक्षा थोडा वाढवता येतो. चिनी मातीच्या चकाकत्या कुंडीला ही सवलत नाही. कुंडी बदलायची वेळही हवेवरच ठरते. पावसाळ्यात ओलसर हवेत तुटलेली मुळं लवकर सडतात, तेव्हा ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा.

हे मिश्रण सगळ्याच निवडुंगांना लागू नाही. आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, रात्री उमलणारं ते मोठं पांढरं फूल, तेही निवडुंगाच्याच कुळातलं आहे. पण त्याचं मूळ घर वाळवंट नाही, मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलातल्या झाडांच्या फांद्यांवर आहे, जिथे पालापाचोळा कुजून थोडी माती साचते. त्याला चौथा हिस्सा माती आणि बाकी सगळी वाळू-पर्लाइट दिली तर ते जगतं, पण काटकुळं राहतं आणि कळ्या धरत नाही. त्याला अर्धं पानांचं कुजलेलं खत आणि अर्ध्यात पर्लाइट, साल, थोडी माती असं काहीसं हवं. हिवाळ्यात फुलणारा ख्रिसमस कॅक्टस मूळचा ब्राझीलच्या डोंगरजंगलांतला, त्याचंही तेच. कोरफड मात्र या वाळूच्या मिश्रणात मजेत वाढते, आणि पानफुटीला काहीही चालतं.

दोन-तीन वर्षांनी मिश्रण म्हातारं होतं. पर्लाइट थोडा चुरतो, माती खाली उतरून तळाशी दाटते, बोअरच्या पाण्यातले क्षार वर पांढरा थर धरतात. पाणी पूर्वी जिरायचं तितक्या वेगाने जिरत नाही, हे पहिलं लक्षण. तेव्हा सगळं फेकायची गरज नाही. कुंडी उपडी करून मिश्रण उन्हात कोरडं करावं, त्याच डासांच्या जाळीवर चाळावं, वर राहिलेली वाळू आणि पर्लाइट धुऊन घ्यावं आणि नवी माती मिसळावी. ज्या कुंडीत झाड कुजून मेलं, तिचं मिश्रण मात्र आधी ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार-सहा आठवडे तापवावं. प्लास्टिकच्या कडा मातीने दाबून घ्याव्यात, नाहीतर आतली उष्णता निघून जाते. चाळताना खाली पडलेली बारीक माती जास्वंदीला घालून टाकावी.